भरलेला कचरा डेपो बंद करताना मुरूम टाकण्याआधीची कामे

प्रश्न: "सर, आमच्या नगरपरिषदेचा कचरा डेपो पूर्ण भरला आहे. जागा सुमारे आठ एकर (160 बाय 200 मीटर), ढीग 15 मीटर उंच. लांबीच्या एका बाजूला ढिगाला लागूनच ओढा आहे, बाकी तीन बाजूंना थोडी मोकळी जागा आहे. ठेकेदार म्हणतो, वर दोन फूट मुरूम टाकून रोलर फिरवू, गवत लावू आणि उद्यान करू. एवढं पुरेल का? काय बघावं?"

नमस्कार. एवढं पुरणार नाही. मुरूम कमी पडतोय ही अडचण नाही. तुमच्या ठेकेदाराने शेवटचं काम पहिलं धरलं आहे. झाकण घातलं की ढिगातलं पाणी आणि वायू यांचे आजवरचे रस्ते बंद होतात. त्यांना नवे रस्ते आधी करून दिले नाहीत तर ते स्वतः शोधतात, आणि तुमच्याकडे त्यातला एक रस्ता थेट ओढ्याच्या बाजूने जातो.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. 2016 च्या घनकचरा नियमांचा रोख असा होता की जुन्या डेपोचं आधी बायोमायनिंग, म्हणजे जुना कचरा खणून, चाळून वेगळा करणं, होतं का ते पाहावं, आणि ते शक्य नसेल तरच ढीग जागेवर झाकावा. त्यामुळे झाकायचा निर्णय झाला असेल तर त्याची कारणं कागदावर आहेत ना, ते बघा. चाळलेली माती घ्यायला कोणी नाही, जवळ वस्ती आहे, पैसे नाहीत, अशी खरी कारणं असू शकतात. बऱ्याच ठिकाणी उत्तर मधलं निघतं: काही भाग चाळायचा, उरलेला झाकायचा. तुमच्या बाबतीत हिशेब तिकडेच नेतो, ते पुढे येईल.

आता उतार. तुम्ही कोन लिहिलेला नाही, पण टिपरने काठावरून ढकललेल्या कचऱ्याचा उतार साधारण उभ्या 1 ला आडवे 1.2 एवढा, म्हणजे 40 अंशांच्या आसपास असतो. तोच धरून चालतो. एवढा तीव्र उतार वर्षानुवर्षं उभा राहतो याचं लोकांना नवल वाटतं. त्याला धरून ठेवतात त्यातल्या चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि दोऱ्या. भिंतीच्या गिलाव्यात पूर्वी ताग मिसळायचे, तसंच हे आहे. पण ही पकड दोन गोष्टींनी जाते. एक, पाणी. ढिगात पाणी साठलं की त्याचा दाब कचऱ्याचे थर एकमेकांवरून उचलून धरतो आणि घर्षण कमी होतं. दोन, आग. आतल्या आत धुमसणारी आग प्लॅस्टिक खाऊन टाकते आणि राहते ती नुसती राख-माती. इंडोनेशियात बांडुंगजवळच्या लेउविगाजा डेपोचा ढीग 21 फेब्रुवारी 2005 ला सलग पावसानंतर कोसळला आणि 143 माणसं गेली. तिथे या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. तुमच्या डेपोला उन्हाळ्यात आगी लागत असतील तर कुठे लागल्या, किती दिवस धुमसल्या, हे अग्निशमनच्या नोंदवहीतून काढा आणि नकाशावर टाका. ते भाग सगळ्यात कमजोर धरायचे.

ओढ्याचा धोका वेगळा सांगतो. 1 सप्टेंबर 2017 ला दिल्लीत गाझीपूरच्या ढिगाचा एक भाग सुटून शेजारच्या कालव्यात पडला. पाण्याची लाट उसळली, रस्त्यावरच्या गाड्या पाण्यात गेल्या आणि दोन माणसं दगावली. त्या ढिगाची उंची तुमच्या तिप्पट होती हे खरं, पण क्रम तोच: पावसाळ्याचा शेवट, भिजलेला ढीग, पायथ्याशी पाणी. तुमचा ओढा पुरात पायथा कुरतडतो का, हे बघायला फार लांब जायला नको. काठावर कचऱ्याचे उभे कापलेले थर दिसत असतील तर कुरतडतो आहे.

बंद करायच्या ढिगाचा बाहेरचा उतार मी 1 ला 3 पेक्षा तीव्र ठेवत नाही आणि मध्यावर चार मीटर रुंदीची सपाट पायरी, म्हणजे बर्म, घेतो. तुमच्या आकड्यांवर हे लावून पाहू. 1:1.2 चा 1:3 करायचा म्हणजे 15 मीटर उंचीला 27 मीटर जास्त आडवी जागा लागते. तीन बाजूंना निम्मी जागा बाहेर आणि निम्मी आत घेता येईल: वरचा कचरा कापून खाली ढकलायचा, पायथा साडेतेरा मीटर पुढे सरकवायचा. तो नव्या जमिनीवर येणार, म्हणून आधी तिथली माती दाबून, कडेने चर काढून घ्यायचा. ओढ्याच्या बाजूला मात्र एक फूटही पुढे जाता येत नाही. तिथे पूर्ण 27 मीटर माथा मागे घ्यावा लागेल. हा कापायचा त्रिकोण दर मीटर लांबीला सुमारे 200 घनमीटर होतो. 200 मीटर लांबीला 40,000 घनमीटर, म्हणजे आठ घनमीटरच्या टिपरच्या पाच हजार खेपा. बर्म धरला तर आणखी थोड्या.

हा कचरा परत माथ्यावर चढवू नका. माथ्यावरचं वजन हेच उतार घसरायचं एक कारण असतं. मी सांगितलेला मधला मार्ग तो हाच: ओढ्याच्या बाजूचा कापलेला कचरा चाळणीवर घ्यायचा आणि तिथून बाहेर काढायचा. बायोमायनिंगची निविदा एवढ्या भागापुरती काढली तर तिचा आकारही तुमच्या नगरपरिषदेला झेपण्यासारखा राहतो.

कापताना नेहमी वरून खाली यायचं. घाईत ठेकेदार पोकलेन पायथ्याशी लावतो, कारण तिथून भरणं सोपं पडतं. पायथा हाच वरच्या सगळ्या वजनाला टेकू असतो. तो काढलात तर ढीग पोकलेनवरच येतो. एका गावी मी पोहोचलो तेव्हा पायथ्याला सहा मीटरचा खड्डा मारून झाला होता आणि माथ्यावर काठाला समांतर, कमानीसारखी भेग पडली होती, हात आत जाईल एवढी. आम्ही माणसं आणि यंत्रं लगेच हटवली, माथ्यावरचं पाणी दुसरीकडे वळवलं आणि दूरच्या बाजूने हळूहळू दगड आणून पायथा भरला. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून अंतर रोज मोजत होतो. चौथ्या दिवशी वाढ थांबली. ते काम वाचलं, कारण तो मार्च होता. जुलै असता तर वाचलं नसतं.

तुम्हीही काम सुरू होण्याआधी काठाच्या आत पाच-पाच मीटरवर रंगवलेल्या खुंट्या ठोका. काठाला समांतर कमानी भेग, पायथ्याशी फुगवटा, काळं पाणी अचानक नव्या जागी झिरपणं, सरळ खांब कलणं, यातलं एकही दिसलं तर त्या बाजूचं काम थांबलं पाहिजे, आणि हे निविदेच्या अटींत लिहिलेलं असलं पाहिजे.

उतार बसल्यावर झाकण. 2016 च्या नियमांत तळापासून तीन थर होते: पाणी अडवणारा 60 सेंटिमीटरचा चिकणमातीचा थर, त्यावर 15 सेंटिमीटरचा निचऱ्याचा थर आणि वर गवतासाठी 45 सेंटिमीटर माती. एकूण चार फूट. तुमच्या वाढलेल्या पायथ्यासह हे क्षेत्र जवळपास 39 हजार चौरस मीटर होतं, म्हणजे साधारण 47 हजार घनमीटर माती. ही कुठून येणार, हे आज ठरलेलं नसेल तर अंदाजपत्रक खोटं आहे. मुरूम इथे का चालत नाही, तर तो चाळणीसारखा असतो. रोलर फिरवूनही नियमाला हवी तेवढी अडवणूक तो करत नाही. मग लोक म्हणतात, आपल्याकडे काळी माती फुकट आहे, तीच टाकू. काळी माती पाणी अडवते हे खरं, पण मे महिन्यात तिला ज्या भेगा पडतात त्या तुम्ही शेतात पाहिल्या असतील. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ कचऱ्यात जातो, भेगा बुजेपर्यंत बरंच पाणी आत गेलेलं असतं. काळी माती वापरायची तर ती सुकणार नाही अशी, म्हणजे वर पुरेसा थर देऊन झाकली पाहिजे. नाहीतर बारीक मुरुमात बेंटोनाइट, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती, मिसळून थर करा. प्रमाण प्रयोगशाळेत पाझर मोजूनच ठरवायचं, अंदाजाने नाही.

चांगली माती मिळत नसेल तर प्लॅस्टिकची जाड चादर, जिला जिओमेम्ब्रेन म्हणतात, ती वापरतात. माथ्यावर ती उत्तम. उतारावर मात्र एक चूक मी वारंवार पाहतो. गुळगुळीत चादर स्वस्त पडते म्हणून तीच सगळीकडे अंथरतात. ओल्या चिकणमातीवर गुळगुळीत चादरीचा घर्षणकोन 10 अंशांच्या आसपास असतो आणि 1:3 च्या उताराचा कोन 18 अंश. दोन्ही कोनांच्या टॅनचा भागाकार केला की सुरक्षा गुणांक 0.5 येतो. हवा असतो 1.5. म्हणजे तो थर टिकणारच नाही, वरची माती गवतासकट घसरून पायथ्याशी येईल. खरखरीत चादर घेतली आणि तिचा कोन 26 अंश मिळाला तर गुणांक 1.5 च्या जवळ पोहोचतो. पण निचऱ्याच्या थरात पाणी तुंबलं तर हाच गुणांक जवळपास निम्मा होतो. म्हणून त्या थराचं पायथ्याशी उघडं तोंड फार महत्त्वाचं. गटाराच्या भिंतीमागे ते तोंड बुजवून टाकलेलं मी पाहिलं आहे. दुसऱ्या पावसाळ्यात अख्खी बाजू सोललेल्या सालीसारखी खाली आली होती. आतला कचरा जागच्या जागी होता, सुटलं होतं ते फक्त झाकण.

वायूकडे येतो. कचऱ्यातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीने स्फोट होतो. 2016 च्या नियमांतली मर्यादा त्या खालच्या पातळीच्या चौथ्या हिश्शाची, म्हणजे सव्वा टक्का. आज तुमच्या ढिगातून वायू सगळीकडून थोडा थोडा निघून जातो, म्हणून जाणवत नाही. वर घट्ट झाकण बसलं की तो आडवा निघतो: मुरुमातून, खडकाच्या भेगांतून, केबलच्या पाइपातून, शेजारच्या विहिरीत किंवा घराच्या जोत्याखाली. शिवाय चादरीखाली दाब वाढला की तो तिला उचलतो, आणि उतारावरचं घर्षण आणखी घटतं. वायूचं काम उताराच्या कामापासून वेगळं काढता येत नाही ते यामुळे.

म्हणून झाकणाखाली 30 सेंटिमीटर खडीचा थर आणि त्यातून वर येणारे नळ. खडी काळ्या पाषाणाची घ्या, चुनखडीची नको, कारण ती हळूहळू विरघळते. नळ 160 मिलिमीटरचे, भोकं पाडलेले एचडीपीई, भोवती खडी, ढिगाच्या निम्म्याहून जास्त खोलीपर्यंत उतरवलेले. सुरुवातीच्या अंदाजाला दर साडेसात हजार घनमीटर कचऱ्याला एक नळ धरतात. तुमचा ढीग, ओढ्याची बाजू कापल्यावर, साडेतीन लाख घनमीटरच्या आसपास उरेल, म्हणजे 45 ते 50 नळ. वर माणसाच्या डोक्याच्या वर तोंड, खाली वाकवलेलं, जाळी लावलेलं. नळ चादरीतून जिथे बाहेर येतो तिथली कॉलर सरकती ठेवा. ढीग खाली बसतो, नळ बसत नाही, आणि घट्ट जोड तिथेच फाटतो. मोठ्या ढिगात पंपाने वायू ओढून जाळतात. मुंबईत गोराईचं डम्पिंग ग्राउंड 2007 मध्ये बंद केल्यावर तसंच केलं, पण ते सुमारे 20 हेक्टर आणि 23 लाख टनांचं काम होतं. तुमचा कचरा जुना असेल, वायू क्षीण असेल, तर साधे नळ पुरतील. ते मोजून ठरवा: पाच-सहा ठिकाणी चाचणीच्या नळ्या रोवा आणि काही आठवडे वायू तपासा.

हद्दीच्या बाहेरही, विशेषतः घरांच्या बाजूला, तपासणीच्या विहिरी घ्या. त्यांची मोजणी फक्त उन्हाळ्यात करून भागत नाही. पावसाळ्यात जमिनीचा वरचा थर भिजून बंद होतो आणि वायू सगळ्यात लांब तेव्हाच जातो. हवेचा दाब उतरत असतो त्या दिवशीही जास्त निघतो. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही आहेत: हिरव्या गवतात मधेच पिवळं वर्तुळ, पावसाने साठलेल्या डबक्यात बुडबुडे, चादरीला फुगा.

काळ्या पाण्याबद्दल, म्हणजे लीचेटबद्दल, थोडक्यात. पायथ्याभोवती भोकांचा पाइप टाकून ते एका टाकीत घ्या, ओढ्यात एक थेंबही नको. झाकण झाल्यावरही ते काही वर्षं येत राहील, कारण आत साठलेलं निथळतं. त्याची रोजची नोंद ठेवा. महिन्यागणिक कमी होत गेलं तर सगळं ठीक आहे. जोराच्या पावसानंतर एक-दोन दिवसांत वाढलं तर झाकण कुठेतरी गळतंय.

आता उद्यान. वरच्या हिशेबाने माथ्यावर सपाट जागा किती उरते ते पाहा: बर्म धरून सुमारे अडीच एकर. आठ एकरांचं उद्यान म्हणून लोकांना शब्द दिला गेला असेल तर तो आजच दुरुस्त करा. शिवाय ही जागा खाली बसत राहणार. उंचीच्या दहा टक्के धरले तर दीड मीटर, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून माथा पूर्ण सपाट न करता चार-पाच टक्के ढाळ द्यायचा, म्हणजे काही भाग खचला तरी पाणी साचत नाही. कारंजी, तळं, रोजचं पाणी लागणारी हिरवळ हे सगळं वर्ज्य. इतका खर्च करून जे पाणी बाहेर ठेवलं तेच तुम्ही वरून पाजणार. 45 सेंटिमीटर मातीत गवत आणि झुडपं जगतात. मोठं झाड वादळात उन्मळलं की मुळांसकट झाकणाचा तुकडा उचकटतं. पायवाटा पेव्हर ब्लॉकच्या करा, खचल्या तर उचलून परत बसवता येतात.

बंदिस्त खोली एकही नको. रखवालदाराची चौकीसुद्धा नाही. एका बंद केलेल्या डेपोवर हौसेने पक्की चौकी बांधली होती आणि तिच्यात विजेची केबल जमिनीखालून आणली होती. सुट्टीत ती चार दिवस बंद राहिली. उघडण्याआधी मी मीटर दाराच्या फटीला लावला तेव्हा आकडा मर्यादेच्या वर होता. आत गेल्या गेल्या दिव्याचं बटण दाबणं ही कुणाचीही पहिली सवय. चौकी हवीच असेल तर ढिगाच्या बाहेर, नाहीतर जमिनीपासून उचललेल्या, खालून हवा खेळणाऱ्या चौथऱ्यावर. मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंगवर कार्यालयं उभी राहिली आणि तिथली संगणकयंत्रं गंजून बंद पडू लागली, ती कचऱ्यातून येणाऱ्या वायूंमुळे. 2016 चे नियम सांगत होते की बंद केल्यावर 15 वर्षं देखरेख, आणि त्यानंतरही वायू, पाणी आणि मातीची स्थिरता तपासूनच वस्तीचा विचार. तुमच्या जागेला मला सगळ्यात जुळणारा वापर वाटतो तो सौर पॅनेलचा, पण खांब न गाडता जमिनीवर ठेवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, आणि तोही फक्त माथ्यावर. बाजूचे उतार गवतासाठीच राहू द्यात.

कामाचा क्रम आणि वेळ असा धरा. दिवाळीच्या आसपास सर्वेक्षण, भोकं पाडून कचऱ्यातल्या पाण्याची पातळी आणि वायू. डिसेंबरपासून वरून कापणी, आधी ओढ्याची बाजू. उतार बसला की पायथ्याचा पाइप, खडीचा थर आणि नळ. मग झाकण, ज्या बाजूचं मेअखेर पूर्ण होईल तेवढ्याच बाजूचं. अर्धवट उघडी चादर पावसात सोडण्यापेक्षा एक बाजू पुढच्या हंगामाला ठेवलेली बरी, फक्त तिच्यावरचं पाणी चरांनी वळवा.

निविदेआधी मला तीन गोष्टी कळवल्यात तर आणखी नेमकं सांगता येईल: एक मीटरच्या समोच्च रेषांचा नकाशा, ढिगातल्या पाण्याची पातळी पावसाळ्यानंतर किती असते, आणि सगळ्यात जवळचं घर किंवा विहीर किती मीटरवर आहे. पाण्याची पातळी ढिगाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर निघाली तर ओढ्याच्या बाजूला 1:3 सुद्धा पुरेलच असं नाही. तिथे आधी पाणी उतरवण्याचे आडवे पाइप मारावे लागतील आणि उताराचं गणित नव्याने करावं लागेल.